फोटो जोडायचं बटण गेलं कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या एका महिला बचतगटाच्या सचिव ताईंनी एका हिशेबाच्या अ‍ॅपच्या सपोर्ट विभागाला पाठवलेलं पहिलं पत्र असं होतं: ‘नमस्कार. तुमच्या नवीन अपडेटने आमचे फार नुकसान केले आहे. फोटो जोडायचे बटण तुम्ही काढून टाकले. आमच्या गटाला ते रोज लागते. कृपया ताबडतोब परत आणावे.’

पत्रात राग होता आणि तो रास्तही होता. बँकेत पैसे भरले की स्लिपचा फोटो त्या नोंदीला जोडायचा, अशी या गटाची पद्धत. महिन्याच्या बैठकीत कुणी विचारलं तर नोंद उघडून दाखवता येते. नवा अपडेट आल्यावर ती सोय बंद झाली आणि स्लिपा पुन्हा बटव्यात साचू लागल्या.

या पत्राला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात दिलगिरी होती, आणि पुढे सूचना होत्या: कॅशे साफ करा, फोन बंद करून चालू करा, तरीही जमलं नाही तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका. अशा पत्रांच्या दुसऱ्या टोकाला मी काही वर्षं बसलो आहे, त्यामुळे हे उत्तर कसं निघतं ते मला ठाऊक आहे. पत्रात ‘अपडेट’ आणि ‘बटण’ हे शब्द दिसले की तयार मजकुरांच्या यादीतून एक मजकूर उचलला जातो. उत्तर देणारा माणूस आळशी असतो असं नाही. त्याच्यासमोर दिवसभरात अशी ढीगभर पत्रं असतात आणि या पत्रात धरायला काहीच नसतं. फोन कुठला, अ‍ॅपची आवृत्ती कुठली, बटण नेमकं कुठल्या पानावर होतं, बाकीच्यांना दिसतं का, यातलं काहीही कळत नाही. एक निष्कर्ष मात्र ठामपणे लिहिलेला आहे, की ‘तुम्ही बटण काढून टाकले’. तो चुकीचा होता. बटण कुणीही काढलेलं नव्हतं.

ताईंनी एक गोष्ट शहाणपणाची केली. अ‍ॅप काढून टाकलं नाही. ही सूचना सर्रास दिली जाते, पण ती पाळण्याआधी आपला मजकूर कुठे साठतो ते पाहिलं पाहिजे. अ‍ॅपमध्ये लॉगिन असेल आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जात असतील, तर अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्यावर त्या परत येतात. काही अ‍ॅप मात्र सगळं फोनमध्येच ठेवतात. तिथे अ‍ॅप काढलं की वर्षाचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. सेटिंग्जमध्ये शेजारी शेजारी असलेल्या दोन बटणांतही हाच फरक आहे. ‘कॅशे साफ करा’ निरुपद्रवी आहे, कारण त्याने तात्पुरत्या फाइली जातात. ‘स्टोरेज साफ करा’ किंवा ‘डेटा साफ करा’ केलं की फोनमधल्या नोंदीही पुसल्या जातात. सपोर्टच्या पत्रात हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आले तर दुसऱ्याला हात लावू नये.

जुनी आवृत्ती परत टाकावी, हा विचारही बहुतेकांच्या मनात येतो. प्ले स्टोअरवर वापरणाऱ्याला तशी सोय नाही. खुद्द कंपनीलाही मागे जाता येत नाही, कारण प्रत्येक नव्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक आधीच्यापेक्षा मोठा असावाच लागतो. जुनंच अ‍ॅप द्यायचं असलं तरी त्याला नवा क्रमांक लावून, नवा अपडेट म्हणून पाठवावं लागतं. म्हणून ‘परत आणा’ म्हटल्याने काही हालत नाही. बिघाड सापडला तरच पुढचा अपडेट निघतो, आणि तो सापडण्याइतकी माहिती पत्रात असावी लागते.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा आम्ही फोन समोर ठेवून दुसरं पत्र लिहिलं. ते पत्र जवळजवळ जसंच्या तसं देतो. फोनचं आणि अ‍ॅपचं नाव तेवढं गाळलं आहे.

‘विषय: 6.3.0 आवृत्तीत नोंदीच्या पानावर फोटो जोडण्याचे बटण दिसत नाही.

नमस्कार. मी बचतगटाचा हिशेब तुमच्या अ‍ॅपमध्ये ठेवते. सोमवारी अ‍ॅप अपडेट झाले. त्याआधी बटण दिसत होते. आता अ‍ॅपची आवृत्ती 6.3.0 आहे. फोनमध्ये अँड्रॉइड 15 आहे.

मी असे करते: अ‍ॅप उघडते, गटाचे नाव दाबते, “नवी नोंद” दाबते. पान उघडते. त्या पानाच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यात पिनेचे चिन्ह असायचे. ते दाबले की फोटो निवडता यायचा. आता ते चिन्ह दिसत नाही. कुठलीही चूक झाल्याचा संदेश येत नाही.

सवयीने त्याच जागी दाबले तर मी मागच्या पानावर जाते.

आमच्या खजिनदार ताईंच्या फोनवरही 6.3.0 हीच आवृत्ती आहे. त्यांना पिनेचे चिन्ह दिसते. त्यांचा फोन जुना आहे, त्यात अँड्रॉइड 13 आहे.

अ‍ॅपला फोटोंची परवानगी दिलेली आहे. फोन बंद करून चालू केला, कॅशे साफ केली, फरक पडला नाही. अ‍ॅप काढून टाकलेले नाही, कारण नोंदी जातील अशी भीती वाटते. दोन्ही फोनचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.’

या पत्रात कुठेही ‘तुम्ही काढून टाकले’ नाही. जे डोळ्यांना दिसलं आणि जे हातांनी केलं तेवढंच आहे. सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रॅमरने 1999 साली बिघाड कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. संगणक क्षेत्रातली माणसं तो आजही एकमेकांना वाचायला देतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लक्षणं सांगा. निदानही सांगावंसं वाटलं तर सांगा, पण लक्षणांच्या बदल्यात नको. ताईंचं पहिलं पत्र निव्वळ निदान होतं आणि दुसऱ्यात निव्वळ लक्षणं होती.

पत्रातली सर्वांत मोलाची ओळ कुठली, हे ताईंना लिहिताना माहीत नव्हतं. ‘सवयीने त्याच जागी दाबले तर मी मागच्या पानावर जाते.’ ही ओळ त्या गाळणार होत्या. ‘ते माझंच चुकतं हो,’ असं त्यांचं म्हणणं होतं. मी ती ठेवायला लावली. रिकाम्या जागेवर दाबलं तर काहीच घडायला नको. काही घडत असेल, तर ती जागा रिकामी नाही.

त्या जागी काय होतं? ताईंच्या फोनच्या तळाशी तीन बटणांची पट्टी आहे: मागे, होम आणि उघडी अ‍ॅप दाखवणारं तिसरं बटण. त्यांच्या फोनवर ‘मागे’ डावीकडे आहे. पिनेचं चिन्ह पुसलं गेलेलं नव्हतं. ते त्या पट्टीखाली सरकलं होतं. बोट पिनेवर पडतंय असं ताईंना वाटे, पण वरची पट्टी तो स्पर्श स्वतः घेई आणि पान मागे जाई.

हे घडण्याचं कारण अ‍ॅपच्या कंपनीत कमी आणि अँड्रॉइडच्या बदललेल्या नियमांत जास्त आहे. पूर्वी अ‍ॅपला पडद्याचा मधला भाग मिळे. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची बटणांची पट्टी फोनच्या ताब्यात असे. 2024 साली आलेल्या अँड्रॉइड 15 पासून अ‍ॅपने पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पसरावं, असा नियम झाला. दिसायला ते छान दिसतं, फोटो आणि नकाशे पूर्ण पडदाभर येतात. पण खालची पट्टी आता अ‍ॅपच्या अंगावर येऊन बसते. तिच्यासाठी किती जागा सोडायची, हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने फोनला विचारून तेवढं अंतर राखायचं असतं. ते राखायचं एखाद्या पानावर विसरलं, की त्या पानाचा तळ पट्टीखाली जातो.

हा नियम दोन अटी एकत्र जुळल्या तरच लागू होतो. फोनमध्ये अँड्रॉइड 15 किंवा त्यापुढचं असावं लागतं, आणि अ‍ॅपनेही ‘मी अँड्रॉइड 15 साठी तयार झालो आहे’ असं स्वतःच्या आवृत्तीत जाहीर केलेलं असावं लागतं. ताईंच्या फोनमध्ये अँड्रॉइड 15 बरेच दिवस होतं आणि तेव्हा बटण नीट दिसत होतं, कारण अ‍ॅपने तसं जाहीर केलं नव्हतं. 6.3.0 मध्ये केलं. खजिनदार ताईंच्या फोनवर तीच आवृत्ती आहे, पण त्यात अँड्रॉइड 13 आहे, म्हणून जुना कारभार चालू राहिला. एकच आवृत्ती असून एका फोनवर बटण आहे आणि दुसऱ्यावर नाही, याचा उलगडा इथे होतो.

बरं, तसं जाहीर करणं कंपनीला टाळताही आलं नसतं. 31 ऑगस्ट 2025 पासून गूगलने अट घातली, की प्ले स्टोअरवर येणारं नवं अ‍ॅप आणि जुन्या अ‍ॅपचा प्रत्येक नवा अपडेट अँड्रॉइड 15 साठी तयार असल्याचं जाहीर केलेला असावा. साहजिकच अनेक अ‍ॅपना हा बदल त्या मुदतीच्या आगेमागे करावा लागला.

मग तो तपासताना कुणाच्या लक्षात कसा आला नाही? फोन चालवायच्या दोन पद्धती आहेत. एक तीन बटणांची, दुसरी बोट सरकवायची, ज्यात तळाशी फक्त एक बारीक रेघ असते. त्या रेघेखाली गेलेलं चिन्ह दिसतंही आणि बहुतेक वेळा दाबलंही जातं. अ‍ॅप तपासणारी मंडळी बहुधा तरुण असतात, त्यांच्या फोनवर बारीक रेघ असते. तीन बटणांच्या पट्टीचं तसं नाही. नव्या नियमात ती थोडी पारदर्शक असते, पण अगदी थोडी, मागचं चिन्ह जेमतेम सावलीसारखं दिसावं एवढी. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तेव्हा आम्हाला ‘मागे’च्या बाणाच्या आड पिनेची पुसट वळणं दिसली.

खात्री करायचा एक सोपा उपाय आहे. फोन आडवा धरायचा. तीन बटणांची पट्टी तेव्हा पडद्याच्या बाजूला जाते आणि अ‍ॅपचा तळ मोकळा होतो. ताईंनी फोन डावीकडे कलंडवून आडवा केला आणि पिनेचं चिन्ह कोपऱ्यात आलं. काही अ‍ॅप आडवी होतच नाहीत. तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन तीन बटणांऐवजी बोट सरकवायची पद्धत निवडून पाहावी. बटण दिसलं तर बिघाड सापडला, आणि नवा अपडेट येईपर्यंत तोच कामचलाऊ तोडगाही झाला. ताईंना बोट सरकवायची पद्धत आवडली नाही. पुढचे काही दिवस त्या फोटोपुरता फोन आडवा करत राहिल्या. ही तपासणी आम्ही मेल गेल्यावर केली, म्हणून त्याच मेलला जोडून एक ओळ पाठवली: ‘फोन आडवा केला की चिन्ह दिसते. फोनला खाली तीन बटणे आहेत.’

या वेळी तयार मजकूर आला नाही. पत्र तपासणाऱ्याकडे गेलं, त्याने अँड्रॉइड 15 चा फोन तीन बटणांवर लावला आणि पत्रातल्या पायऱ्या त्याच क्रमाने केल्या. बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. अशा जागी दुरुस्ती फार मोठी नसते. त्या पानाच्या तळाशी पट्टीएवढं अंतर सोडायचं आणि कीबोर्ड उघडल्यावर ते चिन्ह त्याच्या वर सरकतं का तेही पाहायचं, कारण हेच विसरलेलं अंतर कीबोर्डच्या बाबतीतही त्रास देतं.

प्रत्येक नाहीसं झालेलं बटण मात्र पट्टीखाली सापडत नाही. दुसरं मोठं कारण परवानग्यांचं. अँड्रॉइड 13 पासून, म्हणजे 2022 पासून, फोटो, व्हिडिओ आणि आवाज यांच्या परवानग्या वेगळ्या झाल्या. अँड्रॉइड 14 मध्ये ‘सगळे फोटो’ न देता ‘निवडलेलेच फोटो’ द्यायची सोय आली. आयफोनवर ती 2020 पासूनच आहे. एखादं अ‍ॅप बरेच महिने उघडलं नाही तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या आपणहून काढूनही घेतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये अशा वेळी बटण जागेवर राहतं आणि दाबल्यावर परवानगी मागितली जाते, किंवा आत गेल्यावर मोजकेच फोटो दिसतात. काही अ‍ॅप मात्र परवानगी नसेल तर बटणच लपवतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडून परवानग्या पाहाव्यात, आणि काय दिसलं ते पत्रात लिहावं.

अक्षरं मोठी केलेली असली तरी असा प्रकार होतो. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं दुपटीपर्यंत मोठी करता येतात. डोळ्यांना ते बरं, पण एका ओळीत चार चिन्हं बसवलेल्या अ‍ॅपमध्ये शेवटचं चिन्ह पडद्याबाहेर ढकललं जातं. अक्षरं क्षणभर लहान करून पाहिलं की हे लगेच कळतं. कळलं तरी पत्र लिहावंच. ज्यांना मोठी अक्षरं लागतात त्यांनी ती लहान करून अ‍ॅप वापरायचं, हा काही उपाय नाही.

आणि एक कारण असं आहे, की ते वापरणाऱ्याला काही केल्या शोधता येणार नाही. अनेक कंपन्या नवी सोय किंवा नवी मांडणी सगळ्यांना एकदम देत नाहीत. अ‍ॅप सगळ्यांकडे तेच असतं, पण कुणाला काय दाखवायचं हे सर्व्हरवरच्या एका कळीने ठरतं. तुम्ही ज्या गटात पडलात त्या गटाला बटण दुसरीकडे हलवलेलं दिसतं किंवा दिसतच नाही. याची खूण अशी, की दोन फोन सारखे, आवृत्ती सारखी, सेटिंग्ज सारखी, तरी फरक राहतो. कधी तर अपडेट न करताही बटण जातं आणि तसंच एका सकाळी परत येतं. इथे पत्रात अ‍ॅपमधला तुमचा ग्राहक क्रमांक लिहिलात तर कंपनी तुमची कळ पाहू शकते. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कुणालाही द्यायचे नाहीत.

पत्र पाठवायचं कुठे, यातही एक गंमत आहे. अ‍ॅपच्या आत ‘मदत’ नावाचं पान असतं, तिथे मजकूर लिहायची चौकट असते, आणि चित्र जोडायचं बटण पुष्कळदा त्याच नाहीशा झालेल्या घडणीतलं असतं. फोटो जोडता येत नाही हे दाखवणारा फोटो जोडता येत नाही. तेव्हा मेलचा रस्ता धरावा. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावर खाली ‘अ‍ॅप सपोर्ट’ असतं, तिथे कंपनीचा मेल पत्ता मिळतो. तिथल्या अभिप्रायात लिहिलं तर कंपनीचं उत्तर 350 अक्षरांत बसवावं लागतं, चित्र जोडता येत नाही आणि तुमचं लिहिणं सगळ्या जगाला दिसतं. रागाला वाट द्यायला ती जागा ठीक आहे, बिघाड शोधायला नाही. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करणं तर टाळावंच. असे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून तुमचा पडदा त्याला दिसेल असं अ‍ॅप टाकायला लावतो. असा फटका बसलाच तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावं.

स्क्रीनशॉट जोडताना वरच्या पट्टीतल्या सूचना, नोंदीतली नावं आणि खाते क्रमांक झाकावेत. पण तळाची पट्टी कापू नये. ताईंनी पहिल्यांदा ‘नको ती’ म्हणून नेमकी तीच कापली होती, आणि सगळा पुरावा तिच्यातच होता. भाषेची चिंता करू नये. मराठीत लिहावं, पण बटणांची नावं आणि पडद्यावरचे संदेश जसे दिसतात तसेच उतरवावेत, इंग्रजीत असतील तर इंग्रजीत. वाचणाऱ्याला बाकीचं भाषांतर करून घेता येतं. ‘सेव्ह’ असं बटण असताना तुम्ही ‘जतन’ लिहिलंत तर तो ते बटण शोधत बसतो.

दुरुस्त आवृत्ती आल्याचा मेल येईल त्याच दिवशी ती तुमच्या फोनवर दिसेलच असं नाही. कंपन्या अपडेट आधी थोड्या फोनना पाठवतात, तक्रारी येत नाहीत ना हे पाहतात, मग सगळ्यांना. सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या पानावर तळाशी आवृत्तीचा क्रमांक असतो, तो मेलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुळला की बटण दिसतं का ते पाहून त्याच मेलला उत्तर द्यावं, नवा मेल सुरू करू नये. उत्तर गेलं नाही तर तुमची तक्रार ‘सुटली’ म्हणून आपोआप बंद होऊ शकते, मग बटण दिसो वा न दिसो.